चिमूटभर सोडा

आत्याचं नाक म्हणजे गल्लीची सामायिक मालमत्ता. घराच्या पुढच्या खोलीत तिने आंबवलेलं तांदूळ-डाळीचं पीठ विकायला काढलं त्याला अठरा वर्षं झाली, आणि अठरा वर्षांत तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही डबा त्या उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. बायका स्वतःच्या घरचं उरलेलं पीठसुद्धा घेऊन यायच्या. "आत्या, एवढं बघता का हो, परवाचं आहे." आत्या डब्याचं झाकण बोटभर उचलायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "चालेल. आज संपवा." किंवा, "मोरीत ओता आणि डबा उन्हात ठेवा." यावर अपील नसायचं. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून तिची ख्याती होती ती दोन्ही अर्थांनी.

आता खरं सांगायचं तर ते नाक गेले दोन महिने बंद होतं. बंद म्हणजे ठार बंद. मध्ये एकदा ताप येऊन गेला, चार दिवस अंथरूण धरलं, उठली तेव्हा जगातून वासच निघून गेला होता. साबण नाही, फोडणी नाही, पावडर नाही. आधी तिला वाटलं सर्दी असेल, जाईल. मग वाटलं पुढच्या आठवड्यात येईल. मग तिने वाट बघणं सोडलं आणि नाटक सुरू केलं. झाकण उचलायची, डोळे मिटायची आणि मनातल्या मनात हिशेब करायची: पीठ कधी वाटलं, हवा किती गरम होती, फुगलं किती. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. अठरा वर्षांचा हात होता, काय खोटं सांगायचं.

पण सुनेला शंका आलीच. सून दूध डेअरीत होती, आलेल्या दुधाची तपासणी करायची, सकाळची पाळी. एका सोमवारी कामावर निघताना तिने मोठ्या डब्यात डोकावलं आणि मागे सरली.

"आई, हे काय? कडेला गुलाबी रेघ आलीये. आणि ओल्या फडक्यासारखा वास मारतोय."

"कुठाय?" आत्या चष्मा शोधत आली. कडेला खरंच बोटभर गुलाबी डाग होता. "अगं, एवढंच आहे. वरचं खरवडून टाक, खालचं चांगलं असेल."

"वरचं दिसतं तेवढंच नसतं. आत उतरलेलं असतं. काळं, हिरवं, गुलाबी, काही दिसलं की सगळं टाकायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत." सून तिच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला वास नाही आला?"

"आला की. म्हणून तर बघायला आले," आत्या म्हणाली आणि स्वतःच डबा उचलून मोरीत ओतला. पण त्या दिवसापासून सून निघायच्या आधी सगळ्या डब्यांत डोकावून जायची, आणि आत्याच्या मनात ते सलायचं.

आत्याचं दुसरं गुपित होतं पेजेचं.

तिचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करायचा. आई लवकर गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि आत्या तेरा. तिने त्याला भरवलं, मारलं, शाळेत ओढत नेलं, त्याचं लग्न लावलं. आठ महिन्यांपूर्वी भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याच्या बायकोने आपलं एक काढून त्याला दिलं. आत्या देणार होती. वय आणि साखर आडवी आली. भावजयीने दिलं, तेव्हापासून भावाच्या पोटात काय जायचं हे भावजय ठरवत होती, आणि तिचंही बरोबरच होतं. शरीराने नवं मूत्रपिंड परकं समजून झिडकारू नये म्हणून त्याला रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी अंगातली राखण मुद्दामच ढिली केलेली असते. म्हणून कच्चं नाही, बाहेरचं नाही, गर्दी नाही. आत्याचं पीठ चालायचं, पण ताजं आणि तव्यावर नीट भाजून. आंबट पेज मात्र नाही. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं: न शिजवता प्यायचं आंबवलेलं काहीही नको.

आत्याला हे पटलंच नव्हतं. तिच्या दुकानात पाटी होती, तिने स्वतः रंगवलेली: "जिवंत पीठ, जिवंत पेज, पोटाला अमृत." ती गिऱ्हाइकांना सांगायची की हे जंतू म्हणजे पोटातले शिपाई, तव्यावरसुद्धा मरत नाहीत असले कडवे. आता ज्याच्या अंगातली राखण ढिली झाली त्यालाच शिपाई नाकारायचे, हे कुठलं शहाणपण? भावजय सकाळी साडेआठला कामावर निघायची. नऊ वाजता आत्या पदराखाली बाटली घेऊन भावाच्या दुकानात हजर.

"ताई, हिला कळलं तर?" भाऊ म्हणायचा.

"कोण सांगणार आहे? पी."

तो प्यायचा. मग दोघं तासभर बोलत बसायची, आसपास पंचवीस घड्याळं आपापली वेळ सांगत असायची.

पेज करायची पद्धत आत्याच्या आईची. संध्याकाळी शिजवलेला मऊ भात, पूर्ण गार करून, मातीच्या मडक्यात पाणी घालून ठेवायचा, त्यात कालच्या आंबट पेजेची वाटीभर ओतायची. सकाळपर्यंत घुसळून प्यायला तयार. एक दिवस भाऊ म्हणाला की फार आंबट लागते, छातीत जळजळतं. आत्याने लगेच उपाय काढला. सकाळी बाटली भरताना चिमूटभर खायचा सोडा. पहिल्याच दिवशी बाटलीने फेस धरला, बूच उडालं आणि एका उघड्या मनगटी घड्याळात पेज गेली. भाऊ हसून हसून बेजार झाला. "ताई, ज्याचं घड्याळ आहे तो विचारेल, पाणी कसं शिरलं. काय सांगू, गुरांसारखं आंबोण खाल्लं घड्याळाने?"

मग आत्याने युक्ती बदलली. सोडा सकाळी नको, संध्याकाळीच मडक्यात घालू, म्हणजे सकाळपर्यंत फेस बसेल. एका चिमटीच्या दोन चिमट्या झाल्या. त्यात दोन दिवस पीठवाटपाची घाई होती, म्हणून भात गार व्हायची वाटही बघितली नाही. गरमच मडक्यात टाकला, वर झाकण, आणि मडकं शेगडीजवळ.

सकाळी तिने जिभेवर थेंब घेतला. वास येत नसला तरी जीभ शाबूत होती. आंबट नव्हती. दुधासारखी गोडसर, मऊ. आत्या खूश झाली. जमली एकदाची, म्हणाली.

भावानेही चाखून सांगितलं, "आज छान आहे गं." हे नऊ वाजता. अकराला त्याला पहिली उलटी झाली.

आत्याला हे कळलं तीन वाजता, सुनेच्या फोनवरून. भावजयीने दुकानाच्या शेजाऱ्याकडून ऐकून धावत दुकान गाठलं होतं आणि त्याला थेट दवाखान्यात नेलं होतं, जिथे त्याचं ऑपरेशन झालं होतं तिथेच. आत्या पिठाने भरलेले हात तसेच घेऊन रिक्षात बसली. सून डेअरीतून परस्पर येऊन फाटकापाशी थांबली होती.

खोलीबाहेरच्या बाकड्यावर भावजय बसली होती. तिने आत्याकडे बघितलंही नाही. आतून ओकारीचा आवाज येत होता. पोटात काही उरलं नव्हतं तरी येत होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, पण बोलणं सावकाश. "ताप नाही. जुलाब नाहीत. पण सकाळच्या गोळ्या टिकल्या की नाहीत कळत नाही, आता सलाइनमधून औषध देतोय. रक्तात मूत्रपिंडाचा आकडा वर गेलाय. पाणी कमी झाल्यामुळे असेल. किंवा शरीराने मूत्रपिंड झिडकारायला सुरुवात केली असेल. मला वाट बघत बसता येणार नाही. आज संध्याकाळी सुई घालून मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल, जोरात औषधंही सुरू करावी लागतील. त्याआधी एकदा नीट सांगा. काल रात्रीपासून पोटात काय काय गेलं?"

"मी दिलं तेवढंच," भावजय म्हणाली. "घरचं. उकळलेलं पाणीसुद्धा मीच देते. सकाळी आठला गोळ्या, मग भाजलेलं पीठ, ताजं. दुसरं काही नाही."

"नक्की?"

"नक्की. तो माझ्याशी खोटं बोलत नाही."

आत्या हातांवरचं वाळलेलं पीठ खरवडत उभी राहिली. भावाच्या पोटात सुई जाणार होती, आणि ज्या मूत्रपिंडात जाणार होती ते या समोरच्या बाईचं होतं. एक वाक्य बोललं की संपलं. आणि नाही बोललं तरी संपलं.

"पेज," आत्या म्हणाली. "नऊ वाजता मी पेज दिली. रोज देते. आंबट पेज. तीन महिने झाले."

भावजय उठली. ती नुसती उभी राहिली, हात लोंबते सोडून. आत्याला वाटलं हिने आता दोन थोबाडीत द्याव्यात. त्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई मात्र एकदम तिच्याकडे वळल्या. "कशी बनवता? सगळं सांगा. एकही गोष्ट सोडू नका."

आत्याने सांगितलं. भात, मडकं, शेगडी, सोडा. सोड्याचं ऐकून सुनेच्या तोंडून हलकेच "आई गं" निघालं. आत्या थांबली नाही. पुढचं वाक्य सगळ्यात जड होतं आणि तिने ते ढकलून बाहेर काढलं. "आणि मला वास येत नाही. दोन महिने. मी कुणाला सांगितलं नाही. मला वास आला असता तर कळलं असतं, ती पेज मी ओतून दिली असती."

सून म्हणाली, "मडक्यात उरलीये का?"

"तळाला असेल."

सून रिक्षाने गेली आणि अर्ध्या तासात स्टीलच्या डब्यात उरलेली पेज घेऊन आली. पर्समध्ये तिच्या डेअरीतल्या, आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या होत्या. तिने एक पट्टी पेजेत बुडवली आणि सगळ्यांसमोर धरली. नीट आंबलेल्या पेजेने पट्टी नारिंगी व्हायला हवी होती. ती पिवळट-हिरवट झाली, जवळजवळ साध्या पाण्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी डबा नाकाशी नेला. मग भावजयीपुढे धरला, सुनेपुढे धरला. "कसला वास येतोय?"

"भाताचा," सून म्हणाली. "नुसता भाताचा. चांगलाच."

"चांगलाच," भावजय म्हणाली.

आत्या बघत राहिली.

"ऐका," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "भातात काही जंतू असे असतात की त्यांच्या बिया शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि विष सोडतात. त्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. नंतर उकळूनही ते जात नाही. तासा-दोन तासांत उलट्या सुरू, ताप नाही. हे चित्र त्याच्याशी जुळतंय. नमुना प्रयोगशाळेत पाठवते, पण तुमचं नाक शाबूत असतं तरी तुम्हाला काही कळलं नसतं."

हा धक्का आत्याने अपेक्षिलेला नव्हता. नाक गेलं म्हणून भाऊ आजारी पडला, एवढा गुन्हा तिने पदरात घेतला होता. पण नाक असतं तरी उपयोग नव्हता? "मग अठरा वर्षं?" ती म्हणाली. "माझी आई तर मडकंसुद्धा नुसतं फडक्याने बांधायची. कुणाला कधी काही झालं नाही."

"कारण पेज आंबट होती," सून हळू आवाजात म्हणाली. "भात गार करून, आंबट वाटीभर घालून ठेवला की चांगले जंतू भराभर आंबटपणा करतात. त्या आंबटपणात वाईटांना डोकं वर काढता येत नाही. राखण तो करायचा, आई. तुम्ही सोडा घालून त्यालाच मारून टाकलंत. आणि वर भात गरम."

म्हणजे सकाळी जीभ सांगत होती. आंबट नाही, आंबट नाही, असं ओरडून सांगत होती, आणि तिने ते कौतुक म्हणून ऐकलं होतं. आत्या बाकड्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

सुई टळली. डॉक्टरीणबाईंनी एक दिवस थांबायचं ठरवलं, सलाइन वाढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या थांबल्या, आणि दुपारच्या रक्तात आकडा खाली सरकला. तिसऱ्या दिवशी तो जवळजवळ जुन्या जागी आला. आहारवाल्या बाईंनी भावजयीसमोर आत्यालाही बसवून घेतलं आणि सांगितलं की तव्यावर पीठ गेलं की आंबवणारे जंतू मरतात, सगळे, कडवे-बिडवे कुणी उरत नाहीत. उरतं त्यांनी केलेलं काम. पीठ हलकं होतं, थोडी जीवनसत्त्वं वाढतात, धान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. एवढंच, आणि तेवढं पुष्कळ आहे. कच्च्या पेजेत ते जिवंत जातात, धडधाकट माणसाच्या पोटाला त्याने थोडा आराम पडतही असेल, पण ते औषध नव्हे. आणि या माणसाला तर पेजेतले चांगले जंतूही नकोत, कारण चांगल्यालाही मोकळं रान मिळालं की तो चांगला राहतोच असं नाही. आत्याने मान हलवली. दुकानातल्या पाटीवरचा अमृत हा शब्द तिला आठवला.

भावजय तीन दिवसांत तिच्याशी एकच वाक्य बोलली. "वन्सं, तुम्ही मागितलं असतंत तर मी तुम्हाला रोज त्याच्याजवळ बसू दिलं असतं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याला आत सोडलं. भाऊ उशीला टेकून बसला होता, गालफडं बसलेली, पण डोळे नेहमीचे. आत्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. ती दारातच उभी राहिली.

"ये ना, बस. वेळ किती झाला? घड्याळ काढून घेतलंय माझं इथे."

"पाच."

"बघ, घड्याळवाल्याला विचारावं लागतं."

आत्याला रडू फुटलं. "भाऊ, मी तुला विष पाजलं. मला वासच येत नाही रे. दोन महिने मी सगळ्या गावाला फसवतेय."

"मला माहीत होतं," भाऊ म्हणाला.

आत्याचं रडणं थांबलं.

"दीड महिना झाला. दुकानात पेट्रोलची वाटी सांडली होती, घड्याळं धुवायची. अख्खी. डोकं उठलं होतं माझं. तू त्यात चप्पल ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, आज दुकान कसं छान स्वच्छ वाटतंय." तो हसला, मग थांबला. "मी विचारणार होतो. पण तू सांगत नव्हतीस, म्हटलं लाज वाटत असेल."

"आणि तरी पीत होतास? कागदावर नको लिहिलेलं, वर देणारी अशी, तरी?"

भाऊ चादरीची घडी करत बसला. "ऑपरेशन झाल्यापासून कुणी येईना, ताई. गर्दी नको, जंतू नकोत. तू एकटी यायचीस, आणि तीही हातात बाटली असली तर. रिकाम्या हाताने तू कुणाकडे कधी गेली आहेस? पेज नको म्हटलं असतं तर तू आली नसतीस." मग हळूच म्हणाला, "आंबट लागते म्हणून मीच रडगाणं लावलं. ते नसतं लावलं तर तू सोडा घातला नसतास."

तेरा वर्षांची असल्यापासून आत्याने या पोराला काही ना काही भरवलं होतं, आणि त्याला फक्त ती समोर बसायला हवी होती, हे तिला आता कळत होतं, सलाइनच्या नळीपलीकडून.

भाऊ घरी आला आणि सोमवारी आत्याने आपलं दुकान उघडलं. पाटी काढून ठेवली होती. खिळ्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या होत्या. सगळ्यात पुढे शिंपीणबाई, हातात घरचं उरलेलं पीठ.

"आत्या, एवढं बघता का हो. शुक्रवारचं आहे."

डबा तिच्या नाकासमोर आला. सवयीने आत्याचे डोळे मिटले. सून आत कपाटाशी उभी होती, पट्ट्यांचं पाकीट हातात घेऊन.

आत्याने डोळे उघडले. "मला वास येत नाही," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाली. "दोन महिन्यांपासून येत नाही. मी तुम्हाला खोटं सांगत होते. पेज आता मिळणार नाही. पिठाचं म्हणाल तर रोज पट्टी लावून, तारीख घालून देईन. आणि शुक्रवारचं पीठ आहे, टाकून द्या."

शिंपीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे माझ्या पोराला मागच्या महिन्यात झालं ते?"

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "माझ्यामुळे झालं असेल. मी नाही म्हणू शकत नाही."

ती बाई डबा घेऊन निघून गेली. तिच्यामागे अजून दोघी. शिंपीणबाई घुटमळल्या, मग त्याही गेल्या, जाताना मोरीकडे बघत. रांग विरळ झाली आणि शेवटी एकच जण उरली, जी इतका वेळ इतरांच्या मागे दिसत नव्हती. भावजय. तिच्या हातात छोटा डबा होता, झाकण घासून लखलखीत केलेला.

तिने तो ओट्यावर ठेवला. "अर्धा किलो. आजचं आहे ना?"

"रात्री वाटलेलं, आज सकाळी आंबलेलं." आत्याने पळी घातली, मग थांबली, सुनेकडून पट्टी घेतली, पिठात बुडवली आणि भावजयीसमोर धरली. पट्टी नारिंगी झाली.

भावजयीने ती हातात घेऊन उजेडात नीट बघितली. मग डबा पुढे सरकवला. "भाजेन मी," ती म्हणाली. "नऊ वाजता या. हात हलवत या."